पाच तारे आणि एक पायपुसणं

“जिच्यावर जळतेस, तिचं लिहिलेलं तू वाचू नकोस. शेजारच्या टेबलाला दे.”

हे मला चाळणबाईंनी सांगितलं होतं, कामावर रुजू झाले त्याच आठवड्यात. मी मान डोलावली आणि विसरून गेले. मला वाटलं, मी कुणावर जळणार? माझ्याकडे वेळ तरी कुठे आहे जळायला?

चाळणबाई म्हणजे आमच्या ऑफिसातल्या सर्वांत जुन्या बाई. नाव वेगळं आहे, पण पाठीमागे सगळे चाळणबाईच म्हणतात आणि त्यांना ते माहीत आहे. आमचं ऑफिस म्हणजे एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. कुटुंबांना सहलीसाठी राहायच्या जागा शोधून देतो आम्ही. म्हातारी माणसं, लहान मुलं, पथ्यपाणी असलेली माणसं असं कुणी सोबत असलं, की लोक आमच्याकडे येतात, कारण चुकीची खोली त्यांना परवडत नाही. जागा काही दर वेळी जाऊन बघता येत नाही. मग आम्ही रिव्ह्यू वाचतो. दिवसभर, डोळे चुरचुरेपर्यंत.

आणि ऑफिसात एक रीत आहे: टेबल बदलायचं. तुमच्या मामाचं हॉटेल असेल, तुमचं जिथं भांडण झालं ती जागा असेल, किंवा रिव्ह्यू लिहिणारा माणूस तुमच्या ओळखीचा असेल, तर तो कागद शेजारच्या टेबलावर सरकवायचा. कारण विचारायचं नाही, सांगायचं नाही. “टेबल बदल” एवढंच म्हणायचं.

मी माझ्या थोरल्या जावेच्या वेळी टेबल बदललं नाही. म्हणून ही गोष्ट लिहिते आहे. कारण त्यापायी ती आमच्यातून उठून गेली, आणि ती परत येणार की नाही, हे अजून मलाही ठाऊक नाही.

आता जळण्याचं सांगते. लपवून उपयोग नाही.

माझी लेक ठमी दोन वर्षांची आहे. गारठा किंवा ओल लागली की तिची छाती घरघरते. मागच्या सहलीत आम्ही अशाच एका देखण्या खोलीत उतरलो, कपाटामागे बुरशी होती, आणि सहल दवाखान्यात संपली. तेव्हापासून मी झोपेतसुद्धा तिचा श्वास मोजते. माझ्या पर्समध्ये कंगवा नसतो, वाफेच्या मशीनचा मास्क असतो. माझ्या प्रत्येक कुडत्याच्या खांद्यावर कसला ना कसला डाग आहे.

आणि थोरली जाऊ? वहिनींना मूल नाही. दादा, म्हणजे माझे थोरले दीर, कामानिमित्त सतत फिरतीवर, आणि वहिनी आपल्या आपण हिंडतात. आज डोंगर, उद्या समुद्र. पांढरेशुभ्र कपडे, खांद्याला एक छोटीशी पिशवी, बस्स. प्रवासाच्या साइटवर त्यांचं खातं आहे, ‘स्वच्छंदी’ नावाचं. प्रत्येक जागेला पाच तारे. ‘स्वर्ग!’ ‘शब्द नाहीत!’ ‘आयुष्यात एकदा तरी याच!’ आणि दर वेळी एक फोटो: कठड्यावर हात, हातात कप, आणि त्या कपाला धरलेली वाकडी करंगळी. तो फोटो घरच्या ग्रुपवर आला की माझ्या पोटात दुखायला लागायचं. चहा प्यायला करंगळी कशाला वाकडी करावी लागते? कुठली राणी लागून गेली?

“बघ गं, काय सुंदर जागा शोधते ही,” असं आई म्हणायच्या. माझ्या सासूबाई. “थोरलीला नजर आहे.”

नजर मला आहे हो, मनात यायचं. मी दिवसभर तेच काम करते. पण माझ्या कामाचं कौतुक कुणी करायचं? बुरशीचा फोटो ग्रुपवर टाकून ‘स्वर्ग नाही’ असं लिहू?

एकदा नवरासुद्धा म्हणाला, “वहिनी मस्त जगतात ना?” मी ठमीचं नाक पुसत होते. नंतर नवऱ्याला आमटी वाढताना डाव जरा जोरातच आपटला. तो म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. मस्त.”

तर, आईंच्या पासष्टीला सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं ठरलं. दोन वर्षांत आम्ही सगळे एका छपराखाली राहिलोच नव्हतो. दादा-वहिनी दुसऱ्या शहरात. दर वेळी काहीतरी निघायचं आणि वहिनींचं येणं राहून जायचं. आईंची एकच इच्छा होती: “या वेळी थोरली आली पाहिजे. बाकी कुठेही चला, मला अंगणात बसवा नाहीतर बसस्टँडवर.”

आणि वहिनींनी स्वतःहून जागा सुचवली. तलावाकाठचं एक विश्रामगृह. त्या नुकत्याच जाऊन आल्या होत्या. ग्रुपवर त्यांनी आपला रिव्ह्यूच चिकटवला: ‘स्वर्ग म्हणजे दुसरं काय! तलाव, शांतता आणि मी. पाच तारेही कमीच. या वेळी सगळे इथेच जाऊ या. मी येते.’

‘मी येते’ वाचून आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र पुढचं वाचत बसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ती जागा उघडली आणि चाळणबाईंच्या टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही.

माझं वाचणं कसं असतं ते सांगते, म्हणजे माझं कुठे बरोबर होतं आणि कुठे चुकलं ते कळेल.

पाच तारे आणि एक तारा आम्ही आधी बाजूला ठेवतो. फेकून देत नाही, बाजूला ठेवतो. आधी मधले वाचायचे, दोन, तीन, चारवाले. हे लोक प्रेमात नसतात आणि रागातही नसतात. मग कोण गेलं होतं ते बघायचं: जोडपं, कॉलेजची पोरं, की म्हाताऱ्या आईला घेऊन कुणी? जोडप्याला जिना दिसत नाही. मग कधी गेलं होतं? उन्हाळ्यातला माणूस पावसाळ्याची साक्ष देऊ शकत नाही. मालकाने लावलेले फोटो बघायचे नाहीत, पाहुण्यांचे बघायचे. आणि विशेषणं वगळून वाचायचं. ‘अप्रतिम’, ‘अविस्मरणीय’, ‘नंदनवन’ काढून टाकल्यावर खाली काय उरतं? नळ उरतो का? उशी उरते का? काहीच उरलं नाही, तर त्या माणसाने जागेबद्दल काही सांगितलेलंच नाही.

तलावाकाठची जागा या चाळणीत टिकली नाही. स्तुती खूप होती, पण बरीचशी एकाच पंधरवड्यात उगवलेली, आणि लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्याआधी किंवा नंतर कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. शब्दही तेच तेच, जणू एकाच पातेल्यातून वाढलेले. एका ताऱ्याचे दोन होते. एकात कुणी वेटर उद्धट बोलला म्हणून आकांत. तो मी सोडून दिला. एका माणसाचं एका माणसाशी एका दुपारी वाजलं, एवढंच ते. दुसऱ्यात लिहिलं होतं, ‘गादी दमट, बाळ रात्रभर खोकलं.’ हाही एकटाच. पण ओलीचं मी दुसरीकडे शोधलं. चार तारेवाल्या एका आजोबांनी जाता जाता लिहिलं होतं, ‘कपडे वाळत नाहीत.’ तीन तारेवाली एक बाई उन्हाळ्यात गेली होती: ‘पुस्तकाची पानं सकाळी मऊ झाली होती.’ वेगवेगळी माणसं, वेगवेगळे महिने, शब्द वेगळे, सांगणं एक. म्हणजे ही सुटी तक्रार नव्हे. आणि मालक? स्तुतीला प्रत्येकी आभार, ओलीच्या तक्रारीला उत्तर नाही.

इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं. ठमीला तिथे न्यायचं नाही, हेही बरोबर. मी एवढंच लिहून थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती.

पण ग्रुपवर लिहिताना मला चेव आला. मी वहिनींच्या रिव्ह्यूचं एकेक पीस उपटलं. ‘यात खोली कुठे आहे? गादी कुठे आहे? पाणी गरम येतं का? एकही गोष्ट नाही. फोटो दर वेळी कठड्याचाच का? खोलीचा का नाही?’ आणि शेवटी, हसणारा चेहरा टाकून: ‘दुरून डोंगर साजरे! मला तर वाटतं वहिनींना फुकट मुक्काम मिळाला असावा. आमच्या धंद्यात म्हणतात, जिथं राहणं फुकट तिथं पाच तारे पक्के!’

असं आमच्या धंद्यात कुणीही म्हणत नाही. ते मीच बनवलं होतं.

मग वहिनींचं उत्तर आलं: ‘खरंय तुझं. छान शोधलंस. ठमीला जपायलाच हवं. तुम्ही दुसरीकडे जा, मजा करा. माझं या वेळी जमेल असं वाटत नाही. मस्त राहा!’

मला काय वाटलं असेल? जिंकल्यासारखं. खोटं कशाला बोलू!

चाळणबाईंना मी तो सगळा मजकूर कौतुकाने दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “ओलीचं पक्कं आहे. हे फुकटचं कुठून काढलंस?”

“अंदाज.”

“कशावरून?”

“बाई, एवढं गोड कोण लिहितं?”

“ते तू मला सांगायचंस. मी विचारतेय.” त्यांनी फोन परत दिला. “तिनं खोलीबद्दल काही लिहिलं नाही, एवढं तुला दिसलं. का लिहिलं नाही, ते दिसलं नाही. मधली जागा तू तुझ्या मनानं भरलीस. हा जागेचा रिव्ह्यू नाही गं बाय. हा जावेचा रिव्ह्यू झाला. एक ताऱ्याचा.”

“तुम्ही पण ना!”

“टेबल का नाही बदललंस?”

मी माझा डबा धुवायला उठले.

मग मी माझ्या पद्धतीने जागा शोधली. खरं तर शोधायची गरजच नव्हती. चाळणबाई आणि मी, आम्हा दोघींचा एक लाडका माणूस होता. साइटवर त्याचं नाव ‘पायपुसणं’. फोटो नाही, माहिती नाही, खातं दोन वर्षांपासून बंद पडलेलं, पण लिहिलंय काय! ‘उशी नाकाला लावून बघा, मग पैसे द्या.’ ‘मालक प्रेमळ आहे, नळ नाही.’ ‘सूर्योदय दिसतो, पण त्यासाठी न्हाणीघराच्या बादलीवर उभं राहावं लागतं.’ स्तुती करतानाही हात आखडता आणि तक्रार करतानाही न्यायाने: ‘जेवण गार होतं, पण त्या दिवशी वीज गेली होती, म्हणून मोजत नाही.’ असं लिहिणारा लाखात एक. आम्ही ठरवून टाकलं होतं की हा कुणी निवृत्त इंजिनियर असणार, घरात चार नातवंडं असणार, कारण मुलांचं त्याला सगळं सुचायचं. चाळणबाई तर म्हणायच्या, “हा भेटला असता तर मी लग्न केलं असतं.” आणि मी मनातल्या मनात त्याच्याशी वहिनींची तुलना करायची. बघा, याला म्हणतात लिहिणं. नाहीतर ते ‘स्वर्ग’!

पायपुसण्याचा शेवटचा रिव्ह्यू एका टेकडीवरच्या अतिथिगृहाचा होता. तीन तारे. ‘मागच्या खोल्या घेऊ नका, भिंतीला ओल आहे. पुढची कोपऱ्यातली घ्या, दुपारपर्यंत ऊन असतं, गादी कोरडी. गरम पाणी येतं, पण नळ बराच वेळ सोडून ठेवावा लागतो. गॅलरीच्या गजांतून मूठ जाते, डोकं जात नाही, फोटो जोडला आहे. खाट भिंतीकडे सरकवली की पाळणा मावतो, मापून पाहिलं. पुढच्या वेळी तिघं येऊ.’

दोन वर्षांपूर्वीची साक्ष शिळी असते. म्हणून मी नवे रिव्ह्यू वाचले. सगळे आपले तीन-चारचे, कंटाळवाणे, आणि एकमेकांशी जुळणारे. मग सरळ फोन लावला. ‘खोली चांगली आहे का?’ असं विचारायचं नसतं, त्याचं उत्तर जगात सगळीकडे ‘हो’ असंच आहे. मी विचारलं, “मागच्या खोल्यांची ओल गेली का हो?”

पलीकडचा माणूस म्हणाला, “नाही ताई. रंग दिला, पुन्हा आली. लहान मूल आहे का? मग पुढची कोपऱ्यातली देतो.”

झालं. पायपुसणं म्हणतं ते खरं.

टेकडीवर आम्ही पोचलो: मी, नवरा, ठमी, आई आणि दादा. दादा एकटेच आले. आईंनी गाडीतून उतरताना त्यांच्या मागे बघितलं, जणू थोरली डिकीत बसून आली असावी. मग म्हणाल्या, “आली असती तर बरं झालं असतं.” माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, पण मला ऐकू यायच्या बेताने म्हणाल्या. दादांनी बॅगा उचलल्या. “तिला बरं वाटत नव्हतं” असंही म्हणाले नाहीत.

खोली अगदी तशीच होती. उशी नाकाला लावली, कोरडी. नळ सोडला, थांबले, पाणी गरम आलं. खाट भिंतीकडे ढकलली, ठमीची छोटी खाट शेजारी बसली. आईंची खुर्ची उन्हात. मला असं वाटलं की हा माणूस माझ्या आधी येऊन सगळी तयारी करून गेला आहे. माझ्या नवऱ्यानेही कधी एवढा विचार केला नसेल.

जेवणं झाली. ठमी गॅलरीत धावली, आणि मी सवयीने तिच्या मागे. गज बघितले. मूठ घालून बघितली, गेली. डोकं जाणार नाही. पण कोपऱ्यातला एक गज मला जरा वाकलेला वाटला. तो दोन वर्षांपूर्वीही तसाच होता का, हे बघायला मी पायपुसण्याचा फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला.

गजांमध्ये एक मूठ. चार बोटं घट्ट मिटलेली. पाचवं, करंगळी, मिटलेलंच नाही. मधल्या पेरातून वाकून बाहेर राहिलेलं.

तो फोटो मी ऑफिसात कितीदा बघितला होता! पण मी गज बघितले होते. हात बघितला नव्हता.

मी ‘स्वच्छंदी’चं खातं उघडलं. कठडा, कप, करंगळी. राणीचा नखरा नव्हता तो. बोट मिटतच नव्हतं. कधीतरी मोडून तसंच जुळलेलं असणार. जाऊ होऊन इतकी वर्षं झाली, मी एकदाही विचारलं नव्हतं.

आधी काय वाटलं, सांगू? पुन्हा जळफळाट. शपथेवर सांगते. हेही तिचंच? माझ्या सगळ्या आयुष्यात एक गोष्ट अशी होती की जिथं वहिनी नव्हत्या, पायपुसणं होतं, आणि तिथंही त्याच निघाल्या?

मग मी खाली बसले आणि शेवटचा रिव्ह्यू पुन्हा वाचला. या वेळी जागेसाठी नाही, लिहिणाऱ्यासाठी. आम्ही म्हणायचो, घरात चार नातवंडं असणार. पण त्या सगळ्या लिखाणात मूल काय करेल ते होतं. मुलाने काय केलं, ते कुठेच नव्हतं. मूल असलेला माणूस लिहितो, ‘आमच्याने पडदा ओढून पाडला.’ हा माणूस लिहीत होता, ‘पडदा खालपर्यंत आहे, ओढला जाईल.’ पाळणा मावतो, मापून पाहिलं. पुढच्या वेळी तिघं येऊ. आणि त्यानंतर खातं बंद. मग मोठी फट, आणि मग ‘स्वच्छंदी’. एकही नळ नाही, एकही उशी नाही. नुसता स्वर्ग.

वाचायचं एवढं शिकले होते, आणि एवढंही वाचता आलं नव्हतं.

आई उन्हात बसल्या होत्या. ठमी त्यांच्या पायाशी खडे मांडत होती. मी जाऊन विचारलं, “आई, दोन वर्षांपूर्वी वहिनींचं काय झालं होतं?”

आईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. “तुला कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. एका अर्थी.”

“पाचवा महिना होता तिला. गेलं,” आई म्हणाल्या. “तुझे दिवस भरत आले होते तेव्हा. तिनंच बजावलं सगळ्यांना, धाकटीला कळू देऊ नका, घाबरेल, तिच्या बाळाला त्रास होईल. मग तू बाळंत झालीस आणि... आता कधी सांगायचं होतं? राहून गेलं.”

मला एकदम आठवलं. ठमी झाली तेव्हा वहिनी दवाखान्यात आल्या होत्या. बाळाला घेतलं नव्हतं त्यांनी. पाळण्यातली छोटी गादी उचलून नाकाला लावली होती, आणि “कोरडी आहे” म्हणून निघून गेल्या होत्या. मी तेव्हा माझ्या आईला म्हटलं होतं, “नाकानं कांदे सोलायला आली होती जाऊबाई!”

“मग त्या हिंडायला लागल्या,” मी म्हटलं.

“घरात बसवत नव्हतं तिला. ती एक खोली रंगवून ठेवली होती ना.” आई ठमीच्या खड्यांकडे बघत होत्या. “मी विचारते दर वेळी, कशी आहेस? म्हणते, मस्त. मग पुढे काय विचारणार माणूस?”

मी गॅलरीत आले आणि फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

“अगं! बोल, पोचलात?” वहिनींचा आवाज लखलखीत. “कशी आहे जागा?”

“चांगली आहे. वहिनी, तुम्ही कशा आहात?”

“मी? एकदम मस्त! झकास चाललंय. तुम्ही मजा करा, माझी काळजी करू नका.”

एकदम मस्त. झकास. मी विशेषणं बाजूला काढली. खाली काही उरलं नाही.

“वहिनी, आज जेवलात का?”

“हो गं, जेवले.”

“काय?”

“बिस्किटं होती,” त्या म्हणाल्या. “चहात बुडवून.”

“आणि काल?”

“तू काय डॉक्टर झालीस का?” हसल्या. हसणं अर्ध्यात थांबलं. “काल आठवत नाही बघ.”

मला माफी मागायची होती. ते फुकट मुक्कामाचं, ग्रुपवर, सगळ्यांसमोर. सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, “जाऊ दे. ओलीचं तुझं बरोबरच होतं. मला कळलंच नाही गं. मी त्या खोलीत फार थांबलेच नव्हते. बाहेर एक बाक आहे तलावाजवळ, तिथंच बसून होते. बाक चांगला होता. खोटं नव्हतं लिहिलं.”

“मग बाक चांगला आहे, असं का नाही लिहिलं?”

“लोक विचारतात, कसं होतं? स्वर्ग म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.”

ठमी माझ्या ओढणीला लटकून “कोण? कोण?” करत होती. तिला मी उचलून घेतलं, मग वाटलं, हिचा आवाज आत्ता त्यांच्या कानावर पडू द्यावा की नाही? आणि दोन वर्षं हा विचार एकदाही मनात आला नव्हता, हेही त्याच क्षणी कळलं.

“वहिनी,” मी म्हटलं, “कोपऱ्यातली खोली घेतली आम्ही. पुढची. ऊन आहे. नळ बराच वेळ सोडून ठेवला.”

पलीकडे श्वास थांबल्यासारखं झालं. मी ओळखते श्वास. मोजत असते मी.

मग त्यांनी विचारलं, अगदी बारीक आवाजात, “पाळणा मावला का?”

“मावला,” मी म्हटलं. “दोन बोटं जागा उरली.”

“खाट भिंतीला पूर्ण टेकवली होती?”

“नाही. थोडी फट होती.”

“पूर्ण टेकव. मग चार बोटं उरतात. मी मापलं होतं.” आणि मग त्या रडल्या. स्वर्ग नाही, झकास नाही, साधं रडणं, नाक ओढत. मी फोन धरून उभी राहिले. मला एकही शहाणपणाचं वाक्य सुचलं नाही, आणि त्यासाठी मी स्वतःला पूर्ण तारे देते.

“दादा उद्या सकाळी घ्यायला येतील,” मी शेवटी म्हटलं. “आईंच्या खुर्चीशेजारी जागा आहे. पण वाट मोठी वळणांची आहे, पोटात ढवळतं. आणि ठमी ओढणी सोडत नाही, रडते, सगळीकडे चिकट हात लावते. तुम्हाला कदाचित जड जाईल. खरं तेच सांगते.”

“तीन तारे दिलेस की,” नाक पुसत त्या म्हणाल्या.

“साडेतीन. आई आहेत ना.”

येते असं त्या म्हणाल्या नाहीत. नाही असंही म्हणाल्या नाहीत. ‘बघू’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. दादा गाडीच्या चाकांत हवा बघत आहेत. आईंनी शेजारची खुर्ची उन्हात ओढून ठेवली आहे. ठमी त्या खुर्चीवर खडे मांडते आहे, आणि मी खाट पूर्ण भिंतीला टेकवून इथे हे लिहीत बसले आहे. चार बोटं उरली. खरंच चार.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही घरात, ओळखीत, ग्रुपवर कुणीतरी असेल जिचं सगळं नेहमीच मस्त चाललेलं असतं. कदाचित तुम्हीही तिच्यावर जळत असाल. हे वाचून झालं की तिला एक फोन लावा. कशी आहेस, असं विचारू नका. आज काय जेवलीस, ते विचारा.